११८ घनमीटरचा स्लॅब आणि क्यूबचे चार आकडे

तक्रार नेहमीची आहे. स्लॅब भरून महिना होतो, लॅबचे रिपोर्ट कन्सल्टंटकडे जातात आणि बिल परत येतं: काँक्रीटच्या मानाने नमुने कमी. काँक्रीट तोवर दगड झालेलं असतं, त्यातून नवे क्यूब काढता येत नाहीत. मग ठेकेदार म्हणतो साइट इंजिनिअर चुकला, साइट इंजिनिअर म्हणतो मला कोणी आकडाच दिला नव्हता. वडोदऱ्यात मकरपुऱ्यापासून गोत्रीपर्यंत साइट बघताना हा घोळ मला इतक्यांदा भेटतो की आता मी आधी चुकीचा आकडाच विचारतो. किती क्यूब भरले ते कळलं की चूक कुठे झाली हे बहुतेक वेळा तिथेच कळतं.

एक साधं प्रकरण घेऊ. दुकानं आणि ऑफिसांची इमारत, दुसऱ्या मजल्याचा स्लॅब. नकाशावरून स्लॅब आणि बीम मिळून ११८ घनमीटर काँक्रीट निघतं, ग्रेड एम २५. त्याच भराईत लिफ्टच्या भिंतींचा एक टप्पा आहे, तो एम ३० चा, ९ घनमीटर. काँक्रीट आरएमसी प्लांटमधून येणार, ट्रान्झिट मिक्सर ६ घनमीटरचे. दिवस मे महिन्याचे, म्हणून भराई दुपारी चारनंतर सुरू करून रात्रभर चालवायची.

आता क्यूब किती? साइटवर चार उत्तरं मिळाली: ६, ९, १८ आणि ३६. चारही चूक.

आधी नियम

आयएस ४५६ : २००० मध्ये नमुन्यांचं किमान प्रमाण दिलं आहे. ते प्रत्येक ग्रेडसाठी वेगळं मोजायचं:

| त्या ग्रेडचं काँक्रीट (घनमीटर) | किमान नमुने |
|---|---|
| १ ते ५ | १ |
| ६ ते १५ | २ |
| १६ ते ३० | ३ |
| ३१ ते ५० | ४ |
| ५१ व त्यापुढे | ४, अधिक पुढच्या दर ५० घनमीटरला किंवा त्याच्या भागाला १ |

तळटीप महत्त्वाची आहे: प्रत्येक पाळीत किमान एक नमुना हवाच. आणि एक नमुना म्हणजे २८ दिवसांच्या चाचणीसाठी तीन क्यूब. त्या तिघांची सरासरी हा एक निकाल. अठरा क्यूब फोडले तरी कागदावर निकाल सहाच येतात, हे डोक्यात पक्कं बसलं की निम्मा गोंधळ आपोआप संपतो.

एम २५ चे ११८ घनमीटर. पहिल्या ५० ला ४ नमुने. उरले ६८. त्यातल्या ५० ला एक आणि राहिलेल्या १८ ला आणखी एक, कारण 'किंवा त्याच्या भागाला' असं स्पष्ट लिहिलं आहे. एकूण ६ नमुने, १८ क्यूब. एम ३० चे ९ घनमीटर म्हणजे २ नमुने, ६ क्यूब. दोन्ही मिळून ८ नमुने आणि २८ दिवसांचे २४ क्यूब. बरोबर उत्तर हे.

चुकीच्या आकड्यावरून चूक ओळखणं

ज्याने ६ म्हटलं त्याने तक्ता बरोबर वाचला, पण नमुना आणि क्यूब एकच धरले. ही चूक सर्वात जास्त दिसते आणि सर्वात महाग पडते, कारण प्रत्येक नमुन्याचा एकच क्यूब असेल तर सरासरी काढायला काही उरतच नाही. सहा क्यूब सहा वेगवेगळ्या गाड्यांमधले असले तरी नियमाप्रमाणे त्यातला एकही पूर्ण नमुना नाही. रजिस्टरमध्ये 'क्यूबची संख्या' असा एकच रकाना असेल तर ही चूक होणारच. 'नमुना क्रमांक' आणि 'क्यूब क्रमांक' असे दोन रकाने करा, म्हणजे भरणाऱ्यालाच विचार करावा लागतो.

९ म्हणणाऱ्याने ११८ ला ५० ने भागलं, २.३६ आले, वर चढवून ३ नमुने, तिप्पट ९. हा माणूस तक्त्याची फक्त शेवटची ओळ लक्षात ठेवून आहे. ५० घनमीटरला एक हा दर पहिल्या ५० नंतर लागू होतो. सुरुवातीच्या काँक्रीटवर मुद्दाम जास्त नमुने मागितले आहेत, कारण मिश्रणात पाणी जास्त, वाळू ओली, पंप नीट चालत नाही असल्या भानगडी पहिल्या काही गाड्यांतच होतात. शिवाय आरएमसी प्लांटची स्वतःची तपासणी ५० घनमीटरला किंवा ५० बॅचला एक नमुना या हिशेबाने चालते. तोच आकडा ऐकून ऐकून साइटवर 'पन्नासला एक' हे सूत्र पाठ झालेलं असतं. पण ती प्लांटची उत्पादनावरची नजर आहे. प्लांट अखंड चालतं म्हणून पुरवठादार आणि खरेदीदार यांनी वेगळं प्रमाण आपसात ठरवायला आयएस ४५६ मोकळीक देते, मात्र ते ठरलेलं कागदावर असायला हवं. कागद नसेल तर तक्ताच लागू.

१८ हा फसवा आकडा आहे, कारण तो बरोबर उत्तराच्या एका भागाशी, म्हणजे एम २५ च्या क्यूबशी, जुळतो. त्या साइटवर ११८ आणि ९ यांची बेरीज करून १२७ वर हिशेब लावला होता. १२७ लाही ६ नमुनेच येतात, म्हणून कोणाला शंका आली नाही. लिफ्टच्या भिंतीचा नमुना घेतलाच नाही. एम २५ चे क्यूब कितीही चांगले फुटले तरी एम ३० च्या भिंतीबद्दल ते अक्षरभरही सांगत नाहीत. दोन ग्रेड एकाच दिवशी, एकाच पंपाने भरले म्हणून ते एक होत नाहीत. ग्रेड बदलली की हिशेब शून्यापासून.

आणि ३६. हा आकडा देणारा माणूस बहुधा सावध स्वभावाचा असतो. त्याने तक्त्यातल्या ओळी एकावर एक चढवल्या: १ + २ + ३ + ४ = १०, वर दोन, म्हणजे १२ नमुने. तक्ता तसा वाचायचा नाही. ओळी एकमेकींत मिळवायच्या नसतात, आपलं काँक्रीट ज्या ओळीत बसतं तिथलाच आकडा घ्यायचा, फक्त ५० च्या पुढे तो वाढत जातो. जास्त क्यूब भरले म्हणून नियम मोडत नाही, हे खरं. पण छत्तीस साचे सहसा साइटवर नसतात, मग घाईघाईत कसेतरी भरले जातात आणि चांगल्या काँक्रीटचे वाईट निकाल येतात.

तक्त्यात ५ नंतर एकदम ६ येतात. ५.४ घनमीटर असेल तर काय, हा वाद मी ऐकलेला आहे. तक्ता त्याबद्दल गप्प आहे. मी वरची ओळ धरतो, म्हणजे २ नमुने. तीन क्यूबच्या बचतीसाठी कन्सल्टंटशी पत्रव्यवहार करण्यात अर्थ नाही.

रोजच्या वापरासाठी शीटमध्ये हे सूत्र ठेवा. `A2` मध्ये एका भराईतलं एका ग्रेडचं घनमीटर:

```
=IF(A2<=5,1,IF(A2<=15,2,IF(A2<=30,3,IF(A2<=50,4,4+ROUNDUP((A2-50)/50,0)))))
```

११८ घातले की ६, ९ घातले की २ यायला हवेत. एक खोड आहे: `A2` रिकामा असला तरी सूत्र १ दाखवतं. खालपर्यंत ओढून ठेवलेलं सूत्र आणि तळाला बेरीज असं असेल तर रिकाम्या ओळींचे नमुनेही मोजले जातात.

सात दिवसांचे क्यूब यात नाहीत

वरचे २४ क्यूब सगळे २८ दिवसांचे आहेत. सात दिवसांचा अंदाज हवा असेल, सेंटरिंग कधी काढायचं ते ठरवायचं असेल, तर त्यासाठीचे क्यूब वेगळे. तिघांतला एक सात दिवसांनी फोडायचा आणि दोन राखून ठेवायचे ही आपल्याकडची लाडकी युक्ती आहे आणि तिने २८ दिवसांचा नमुनाच अपुरा होतो. लॅबच्या रिपोर्टवर एका नमुन्यापुढे २८ दिवसांचे दोनच आकडे दिसले तर हेच झालंय असं समजा.

सरसकट प्रथा अशी की प्रत्येक नमुन्यातून सहा क्यूब भरायचे, तीन सातला, तीन अठ्ठाविसाला. आपल्या स्लॅबला ते ४८ होतात. इथे खरी अडचण सुरू होते, आणि ती गणिताची नाही, साच्यांची आहे. क्यूब साच्यातून २४ तासांनी निघतो. म्हणजे दुपारी चारला भरलेला साचा पहाटेच्या गाडीसाठी मोकळा होत नाही. एका रात्रीत भराई संपणार असेल तर जितके क्यूब तितके साचे साइटवर हवेत. बहुतेक साइटवर बारा किंवा अठरा असतात, त्यातल्या एखाद्याचा बोल्ट गेलेला आणि एखाद्याची तळपट्टी दुसऱ्याच साच्याची. माझा अनुभव असा की 'नमुने कमी' या तक्रारीच्या मुळाशी तक्ता न वाचणं जितकं आहे तितकीच ही साच्यांची टंचाई आहे. मुकादम सांगत नाही की साचे संपले, तो फक्त क्यूब भरायचे थांबतो.

साचे कमी असतील तर छाट कुठे द्यायची ते आधी ठरवा. २८ दिवसांच्या तीन क्यूबना हात लावायचा नाही. सात दिवसांचे किती असावेत हे आयएस ४५६ सांगत नाही, त्यामुळे कन्सल्टंटच्या संमतीने ते कमी करता येतात. या स्लॅबला एम २५ च्या सहापैकी तीन नमुन्यांतून, म्हणजे सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या, आणि एम ३० च्या एका नमुन्यातून सात दिवसांचे क्यूब घेतले. चार नमुन्यांचे बारा. एकूण २४ + १२ = ३६ साचे. अठरा साइटवर होते, बाकीचे मागवले. निविदेत प्रत्येक नमुन्याचे सहा क्यूब अशी अट लिहिलेली असेल तर मात्र ही सवलत नाही; करारात तक्त्यापेक्षा कडक प्रमाण असेल तर करार चालतो. भराईच्या आधी निविदेची ती दोन पानं उघडून बघायला पाच मिनिटं लागतात.

ओळीने लागून येणारी आणखी एक गोष्ट. १५० मिमीचे सहा क्यूब म्हणजे साधारण ०.०२ घनमीटर, जवळपास पन्नास किलो काँक्रीट. स्लम्पला वेगळं. तेव्हा चार-पाच तगारी भरून बाजूला काढावी लागतात. दोनच तगारी काढली की चार क्यूबनंतर माल संपतो आणि उरलेले दोन पुढच्या गाडीतून भरले जातात. रजिस्टरला सहा क्यूब एका नमुन्याचे, प्रत्यक्षात दोन गाड्यांचे. अशा नमुन्याला काही अर्थ नाही.

सहा नमुने कोणत्या गाड्यांतून

आकडा बरोबर असूनही कन्सल्टंटने हरकत घेतलेली मी पाहिली आहे, आणि ती योग्य होती. रजिस्टरमध्ये सहाही नमुन्यांच्या वेळा संध्याकाळी साडेचार ते साडेसात यांच्यातल्या होत्या. भराई संपली पहाटे तीनला. क्यूब भरणारा माणूस आठला घरी गेला होता. संध्याकाळच्या सात-आठ गाड्यांचा हिशेब चोख आणि रात्रीच्या बारा गाड्यांबद्दल काहीच नाही, तेही नेमके रात्री, जेव्हा पंपवाला 'जरा पाणी टाका' म्हणतो आणि अडवणारं कोणी नसतं.

आयएस ४५६ ची अपेक्षा अशी की नमुने भराईच्या पूर्ण वेळेत पसरलेले असावेत, माल बनवणारी सगळी युनिट त्यात यावीत, आणि प्रत्येक बॅचला तपासलं जाण्याची बऱ्यापैकी संधी असावी. म्हणजे निवड स्वैर हवी. आमची पद्धत सांगतो. ११८ ला ६ ने भागलं की वीस गाड्या. त्यांचे सहा गट केले: १ ते ३, ४ ते ७, ८ ते १०, ११ ते १४, १५ ते १७, १८ ते २०. प्रत्येक गटातून एक चिठ्ठी आदल्या दिवशी काढली. निघाल्या २, ७, ८, १३, १५ आणि १९. सात आणि आठ लागोपाठ आल्या म्हणून ठेकेदाराच्या माणसाने चिठ्ठी बदलायला सांगितली. बदलली नाही. चिठ्ठी काढायची आणि मग आवडली नाही म्हणून बदलायची तर काढायची कशाला.

गाड्यांचे क्रमांक ड्रायव्हरला किंवा प्लांटला आधी कळू देऊ नका, एवढं पुरे. प्लांट एकाहून अधिक ठिकाणांहून गाड्या पाठवत असेल तर चलनावरून ते ओळखा आणि प्रत्येक ठिकाणचा किमान एक नमुना येईल असं बघा. गाडीतला पहिला माल घेऊ नका, शेवटचाही नाही. मधल्या मालातून दोन-तीन वेळा थोडं थोडं घेऊन पत्र्यावर एकजीव करा. एम ३० च्या ९ घनमीटरला दोन गाड्या लागणार होत्या, एक पूर्ण आणि एक अर्धी, तेव्हा दोघींतून एकेक नमुना. तिथे निवडीचा प्रश्नच नव्हता.

पाळीची अटही इथे आपोआप भागते. चार ते बारा आणि बारानंतर अशा दोन पाळ्या असतील तर दोन्हींत नमुने येतात. छोट्या भराईत मात्र ती अट वेगळी लक्षात ठेवावी लागते. ४ घनमीटरची भराई दोन पाळ्यांत गेली तर तक्ता एक नमुना म्हणतो आणि पाळीचा नियम दोन. मोठा आकडा घ्या.

नकाशाचे घनमीटर आणि चलनाचे घनमीटर

नकाशावरून काढलेलं आकारमान आणि प्रत्यक्षात ओतलेलं काँक्रीट एकसारखं क्वचितच निघतं. सेंटरिंग किंचित बसतं, बीमचा तळ खाली जातो, पाइपात माल राहतो. नमुन्यांचा हिशेब प्रत्यक्ष आकड्यावर तपासला जातो, म्हणजे चलनांच्या बेरजेवर. आपल्या स्लॅबला ११८ चे १२१ झाले तरी काही बिघडत नव्हतं, सहाच नमुने. पण समजा अंदाज ९७ चा आहे. नमुने ५. भराई १०३ वर संपली की ६ हवेत, आणि तोवर क्यूब भरणाऱ्याने साहित्य धुऊन ठेवलेलं असतं.

म्हणून ५, १५, ३०, ५०, १००, १५० हे टप्पे लक्षात ठेवायचे. अंदाज त्यांच्या थोडा खाली असेल तर पुढच्या टप्प्याचे नमुने धरूनच साचे मांडायचे. मी तीन साचे नेहमी जादा ठेवतो, त्यांना तेल लावून झाकून. शेवटच्या दोन-तीन गाड्या मागवताना साइट इंजिनिअर प्लांटला फोन करतोच. त्याच वेळी चलनांची बेरीज करून त्याने क्यूबवाल्याला सांगायचं की आणखी एक नमुना लागेल की नाही. हे काम कोणाचं ते ठरवलं नाही तर कोणीच करत नाही.

संख्या कमी पडली तर निकालात काय बिघडतं

नमुन्यांची संख्या केवळ रजिस्टर भरण्यासाठी नाही, काँक्रीट पास की नापास हे तिच्यावर ठरतं. आयएस ४५६ मध्ये लागोपाठच्या चार निकालांचा गट धरतात, एका गटातला निकाल दुसऱ्यात वापरत नाहीत. २०१३ च्या चौथ्या दुरुस्तीनंतरचा नियम असा: गटाची सरासरी ग्रेडपेक्षा किमान ३ एमपीएने जास्त, किंवा ग्रेड अधिक प्रमाण विचलनाच्या ०.८२५ पट, यांतलं जे मोठं ते. आणि एकही निकाल ग्रेडपेक्षा ३ हून अधिक खाली नको. एम २५ ला साइटचं स्वतःचं विचलन ठरलेलं नसेल तर ४ धरतात. ०.८२५ गुणिले ४ म्हणजे ३.३, जवळच्या अर्ध्यावर आणून ३.५. तेव्हा सरासरी २८.५ हवी, एकेक निकाल २२ च्या खाली नको.

स्लॅबचे पहिले चार निकाल ३१.२, २९.४, २७.१ आणि २८.८ आले. सरासरी २९.१, पास. २७.१ पाहून मालक घाबरला होता, पण तो एकटा निकाल २२ च्या बराच वर आहे. उरलेले दोन निकाल पुढच्या मजल्याच्या एम २५ च्या पहिल्या दोन निकालांसोबत गटात जातात.

लिफ्टच्या भिंतीला दोनच नमुने, चारचा गट बनत नाही. ३० घनमीटरपर्यंतच्या अशा कामांना नियम वेगळा आणि कडक आहे: सगळ्या निकालांची सरासरी ग्रेड अधिक ४, आणि एकेक निकाल ग्रेड उणे २ च्या खाली नको. एम ३० ला म्हणजे सरासरी ३४ आणि किमान २८. आणि तक्त्याप्रमाणे एकच नमुना येत असेल तर त्या एकाच निकालाला ग्रेड अधिक ४ गाठावं लागतं, खाली उतरायला जागाच नाही. ५ घनमीटरच्या आतल्या भराईला एकऐवजी दोन नमुने घ्यावेत असं मला वाटतं ते यामुळेच. तीन क्यूब जास्त जातात, पण एक क्यूब वाईट भरला म्हणून अख्खा कॉलम संशयात येत नाही.

एक क्यूब वाईट भरणं ही तशी रोजची गोष्ट. तिन्ही क्यूब सरासरीच्या वरखाली १५ टक्क्यांत असावे लागतात, नाहीतर तो नमुनाच बाद. समजा ३०, ३१ आणि २३ आले. सरासरी २८, तिचे १५ टक्के ४.२, म्हणजे खालची हद्द २३.८. तेवीसवाला बाहेर, नमुना बाद. वाईट क्यूब वगळून उरलेल्या दोघांची सरासरी काढायची सोय नाही. सहा नमुन्यांची गरज असताना नेमके सहाच घेतले असतील तर आता पाचच उरले. माझे ते जादाचे तीन साचे यासाठीही कामाला येतात.

असं का होतं ते बघायचं तर क्यूब भरणाऱ्याजवळ उभं राहा. प्रत्येक क्यूब तीन थरांत, थराला ३५ ठोके. एका क्यूबला १०५, सहा क्यूबना ६३०. चौथ्या क्यूबनंतर हात थकतो, ठोके वीसवर येतात, आणि शेवटच्या क्यूबच्या कडांना मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं राहतात. प्रत्येक नमुन्यातला शेवटच्या क्रमांकाचाच क्यूब कमी येत असेल तर काँक्रीटला दोष देण्याआधी हे तपासा. दुसरा माणूस द्या. आणि मे महिन्यात भरलेले साचे स्लॅबवरच उघडे सोडू नका; पहिले २४ तास ओल्या गोणपाटाखाली, २२ ते ३२ अंशांत ठेवायचे असतात. सकाळी दहानंतर इथल्या स्लॅबवर तापमान या हद्दीत राहत नाही, खाली तळमजल्यावर जागा करा.

भराई होऊन गेली आहे आणि नमुने कमीच आहेत

मग काय करायचं? जे करतात ते आधी सांगतो. दुसऱ्या दिवशी जास्त सिमेंटचा माल कालवून उरलेले क्यूब 'भरून घेतात' आणि त्यावर कालची तारीख घालतात. हे लपत नाही. अशा क्यूबचे निकाल एकमेकांच्या अगदी जवळ, आणि खऱ्या नमुन्यांपेक्षा दहा-बारा एमपीएने वर असतात. खऱ्या गाड्यांचं काँक्रीट इतकं शहाण्यासारखं वागत नाही. एम २५ च्या सहापैकी चार निकाल २७ ते ३१ आणि दोन निकाल ४१.२, ४१.५ असतील तर कन्सल्टंट फक्त चलन मागतो, आणि त्या दोन नमुन्यांसमोर गाडीचा क्रमांक नसतो.

सरळ मार्ग म्हणजे कमतरता स्वतःहून लेखी कळवायची, कोणत्या गाड्या कोणत्या भागात ओतल्या ते चलन आणि भराईच्या नोंदींवरून दाखवायचं, आणि ज्या भागाचा एकही नमुना नाही तिथे कन्सल्टंट सांगेल ती तपासणी करायची. बहुधा आधी रिबाउंड हॅमर फिरवून तो भाग आणि नमुने असलेला भाग यांची तुलना होते. शंका उरली तर कोअर. कोअर तीनपेक्षा कमी घेता येत नाहीत, आणि त्यांची क्यूबच्या हिशेबातली सरासरी ताकद ग्रेडच्या किमान ८५ टक्के, एकेकाची किमान ७५ टक्के यावी लागते. एम २५ ला म्हणजे सरासरी २१.२५ आणि एकेक १८.७५. आकडे क्यूबपेक्षा सौम्य आहेत हे पाहून 'मग कोअरच काढू' असं म्हणणारे भेटतात. भरलेल्या स्लॅबला भोकं पाडायची, सळई वाचवायची, भोकं पुन्हा बुजवायची, आणि हे सगळं वाचलेल्या नऊ क्यूबसाठी.

रोज थोडं थोडं भरणाऱ्या कॉलमचं काय

हा प्रश्न स्लॅबनंतर लगेच येतो. कॉलम पाच दिवसांत भरले, रोज ४ घनमीटर, ग्रेड एकच. ठेकेदार म्हणतो एकूण २० घनमीटर, तक्त्यात ३ नमुने, नऊ क्यूब. साइट इंजिनिअर म्हणतो रोजचा एक, पाच नमुने, पंधरा क्यूब. इथे साइट इंजिनिअर बरोबर आहे, कारण प्रत्येक पाळीत किमान एक हा नियम बेरजेने पुसला जात नाही. तीन नमुने घेतले तर दोन दिवसांच्या कॉलमना काहीच आधार उरत नाही, आणि नेमक्या त्याच दोन दिवसांत मिक्सर साइटवरचा वापरला होता की प्लांटचा माल होता हे महिन्याने कोणालाच आठवत नसतं.

पाच नमुन्यांचा आणखी एक फायदा आहे. पहिल्या चारांचा गट बनतो आणि सरासरीचा नेहमीचा नियम लावता येतो. मात्र रोजची भराई स्वतंत्र मोजायची की सलग काम म्हणून एकत्र, यावर कन्सल्टंट मंडळींत एकमत नसतं. स्वतंत्र मोजली तर रोजच्या त्या एका निकालाला ग्रेड अधिक ४ चा निकष लागतो. पहिल्या कॉलमच्या आधी एक ओळीचं पत्र घेऊन ठेवा की निकाल सलग गटात धरले जातील की दिवसागणिक. पाचव्या दिवशी एखादा निकाल काठावर आल्यावर विचारलं तर उत्तर तुमच्या सोयीचं मिळण्याची शक्यता कमी.